मशीनमध्ये कपड्यांबरोबर टिश्यू पेपर गेला, तुमच्याकडे काय झालं?

मंजिरी_मुलुंड

परवा दुपारी शेजारची सूनबाई काळी पँट हातात घेऊन दारात उभी. "काकू, आमच्या मशीनला काय झालंय बघता का?" पँटभर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा कीस. मशीनला काहीच झालं नव्हतं, कोणाच्या तरी खिशात टिश्यू राहिला होता. ती सगळे कपडे परत मशीनमध्ये घालून पुन्हा धुवायच्या बेतात होती, ते आधी थांबवलं.

मला एकदम सासूबाई आठवल्या. सासऱ्यांना बारा महिने सर्दी, खिशात कायम कागदी रुमाल. त्यामुळे गिरगावच्या घरी हे अधूनमधून व्हायचंच. सासूबाई ओल्या कपड्यावरचा एक कणही वेचू द्यायच्या नाहीत. "ओलं असताना हात लावलास की आणखी चिकटतं. वाळू दे, मग आपोआप सुटतं." कपडे कडकडीत वाळले की उलटे करून झटकायच्या, मग कोटाच्या ब्रशने एकाच दिशेने झाडायच्या.

शेजारी तेच केलं. आधी एकेका कपड्याचे खिसे बाहेर ओढले. जीन्सच्या मागच्या खिशात मोठा गोळा सापडला. तो काढणं सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर पुढच्या धुण्याला तोच परत सुटून पसरतो. मग कपडे तसेच पंख्याखाली दांडीवर टाकले. पावसाळी हवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली. सुती शर्ट आणि जीन्स नुसत्या झटकून साफ झाल्या. मोजे आणि टॉवेल मात्र बराच वेळ ब्रशने झाडावे लागले. सगळं झाल्यावर बादलीत थोडे थोडे कपडे घेऊन एकदा खळबळून काढले.

मशीनचं दार रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी ड्रममधला कीस वाळून पापुद्र्यासारखा सुटला, कोरड्या फडक्याने पुसून घेतला. दाराच्या रबराची घडी बोटाने उलटून बघितली तर आत लगदा साचलेला. आणि खालची जाळी, तिचं तर विचारूच नका.

तुमच्याकडे काय झालं, कसं काढलंत, लिहा.

रेवा

आमच्याकडे मुलाची शाळेची पँट. दर सोमवारी. बस.

पार्लेकर

उडप्याकडे जेवलो की पेपर नॅपकिन शर्टाच्या खिशात, ही सवय सुटत नाही. पण एक निरीक्षण. त्या पातळ नॅपकिनचा चुरा होतो, किचन रोलचा तुकडा राहिला तर तो जवळपास अख्खा बाहेर येतो. असं का?

फिरता_पाना

मशीन दुरुस्तीच्या लाईनमध्ये आहे, मालाड ते दहिसर. पार्लेकर, किचन रोलला ओला झाला तरी फाटू नये म्हणून कारखान्यातच एक रेझीन लावलेलं असतं. टॉयलेट रोल मुद्दाम पाण्यात सुटावा असाच बनवतात, म्हणून तो सगळ्यात वाईट. पातळ नॅपकिन या दोघांच्या मधला.

मंजिरीताईंच्या सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर. ओला असेपर्यंत कागदाचा तंतू पाण्याच्या पापुद्र्याने कापडाला धरून बसतो. पाणी गेलं की पकड जाते.

फ्रंट लोडमध्ये जास्त त्रास का, तर पाणी कमी आणि कपडे एकमेकांवर आपटत राहतात. कागद बारीक दळला जातो आणि वाहून न्यायला पुरेसं पाणी नसतं. परत धुतलंत तर तोच कीस आणखी बारीक होऊन शिवणींत बसतो.

शमा_कुर्ला

व्हिनेगर घाला ना! एक कप पांढरं व्हिनेगर, कागद विरघळून जातो. माझी बहीण करते.

फिरता_पाना

शमाताई, विरघळत नाही. कागद आणि सुती कापड दोन्ही मुळात सेल्युलोजच. कागद विरघळवेल असं काही घातलंत तर टी-शर्टही जाईल. व्हिनेगरने कापडात राहिलेला साबण निघतो, कापड थोडं मोकळं होतं, म्हणून फरक पडल्यासारखा वाटत असेल.

शमा_कुर्ला

बरं. पण तिचे कपडे साफ झाले होते हो, मी स्वतः बघितलेत.

मृणाल१७

व्हिनेगरनंतर तिने कपडे वाळवून झटकले असतील तर श्रेय झटकण्याचं.

दादर_टीटी

माझेही काळे कपडे पांढरे होतात पण खिशात काही नसतं. टॉवेल वेगळे धुते. उपाय सांगा प्लीज.

मृणाल१७

पावडर वापरतेस का? पांढऱ्या डागावर ओलं बोट घास. विरघळून गेला तर साबण, बोटाखाली त्याची वळी झाली तर कागद. माझ्याकडे साबणच निघाला होता. पावडर कमी केली, मशीन गच्च भरणं बंद केलं, थांबलं.

दादर_टीटी

घासलं. गेला!! म्हणजे साबण. थँक्यू गं. हा धागा माझ्यासाठी नव्हताच मग 😊

लालबाग_चाळ_नं३

आमची सेमी ऑटोमॅटिक. टबमधलं पाणी सरळ मोरीत. एकदा आख्खा टिश्यूचा पुडा गेला होता, मोरीच्या जाळीवर लगदा बसला आणि पाणी बाहेरच्या गॅलरीत. खालचे काका वर आले. तेव्हापासून टिश्यूचं पाणी सोडताना मोरीच्या तोंडावर जुनी ओढणी धरतो. सगळा लगदा तिच्यात येतो.

मंजिरी_मुलुंड

ओढणीची युक्ती फार छान!

पार्लेकर

लालबागला अजून सकाळीच पाणी येतं का? आमच्याकडे वेळ बदलली.

लालबाग_चाळ_नं३

सकाळी. पाचला उठावं लागतं.

निशिगंध

माझी केस वेगळी आहे. बाळाचा डायपर गेला मशीनमध्ये. 😭 सगळीकडे जेलीसारखे दाणे. कपड्यांवर, ड्रमला, रबरात. यालाही वाळवायचं का?

फिरता_पाना

हो, वाळवायचंच, पण हे प्रकरण कागदापेक्षा अवघड. ते दाणे पाणी शोषून फुगलेले असतात. वाळले की आकसतात, मग कपडे एका मोठ्या पिशवीत झटका. ड्रममधले कोरड्या फडक्याने उचला. पाणी ओतू नका, परत फुगतील. अगदीच चिकटून राहिले त्यावर मीठ टाका, मिठाने जेल पाणी सोडतं. ड्रमला मीठ लावलंत तर नंतर नीट धुऊन काढा. आणि खालचा फिल्टर साफ केल्याशिवाय मशीन लावू नका.

निशिगंध

धन्यवाद दादा. बाळ झोपलं की करते.

रेवा

निशिगंध, पहिलं बाळ का? अभिनंदन गं ❤️

सुहास_गोरेगाव

फिल्टरचं नीट सांगा कुणीतरी. मी नळाकडच्या पाइपातली जाळी काढून धुतली, काही फरक नाही. मशीन पाणी टाकत नाही, स्क्रीनवर OE दिसतं.

फिरता_पाना

सुहासभाऊ, ती आत येणाऱ्या पाण्याची जाळी. तिच्यात नळाची माती अडकते, टिश्यूचा तिच्याशी संबंध नाही. तुम्हाला हवाय तो बाहेर जाणाऱ्या पाण्याचा. फ्रंट लोडला खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्याच्या मागे.

आधी बटण बंद करून प्लग काढा. गरम पाण्याने धुतलं असेल तर निवू द्या. झाकणाआड बहुतेक मशीनला बारीक रबरी नळी असते, तिचं बूच काढून पाणी सोडा. तुमचं मशीन अडकलेलं आहे, म्हणजे ड्रममधलं सगळं पाणी येणार. ते बादलीभरही असू शकतं, आणि बादली खाली जात नाही. कचऱ्याची सुपली किंवा पसरट ट्रे लावा, भरला की बूच बंद, ओता, परत. पाणी थांबलं की मगच फिल्टर डावीकडे फिरवून काढा. घाई केलीत तर सगळं बाथरूमबाहेर.

फिल्टरवर राखाडी लगदा दिसेल, त्यात नाणी आणि केसही. तो धुवा. मग त्या भोकात टॉर्च मारा, आत छोटा पंखा दिसतो. त्याच्याभोवतीचा लगदा काढा, पंखा बोटाने हलवून बघा. तो अडखळत, झटके देत फिरतो. आत लोहचुंबक असतं म्हणून, ते बरोबर आहे. पण अजिबात हलत नसेल तर काहीतरी अडकलंय. फिल्टर परत घट्ट बसवा आणि रिकाम्या मशीनला रिन्स-स्पिन लावून खाली गळतंय का बघा.

सुहास_गोरेगाव

करून आलो. सुपलीने काम झालं. लगदा, दोन रुपयाचं नाणं आणि मुलीचा रबरबँड निघाला. पाणी गेलं!

मंजिरी_मुलुंड

वा सुहास! शेजारच्या मशीनमध्ये साफ केल्यावरही पुढच्या धुण्याला थोडे पांढरे कण आलेच. ते कुठून?

फिरता_पाना

ताई, आतला भोकांचा ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्या फटीत तंतू राहतात. तिथे हात जात नाही. एक-दोन वेळा रिकामं चालवावं, दर वेळी फिल्टर बघावा. टॉप लोडवाल्यांनी आतली जाळीची पिशवी उलटी करून धुवावी. खालच्या चकतीखालीही साचतं, पण ती काढायला मेकॅनिकला सांगा.

मृणाल१७

मी रिकामं न चालवता एक जुना टॉवेल टाकते, राहिलेले कण तो ओढून घेतो.

फिरता_पाना

जुन्या टॉवेलचेच तंतू सुटतात, मी नाही सांगणार. रिकामं बरं.

मृणाल१७

माझा अनुभव वेगळा आहे. टॉवेल पांढराशुभ्र कणांनी भरून निघतो आणि पुढचं धुणं स्वच्छ येतं.

वसई_फास्ट

ड्रायर असलेल्यांना काय? आमचं वॉशर-ड्रायर एकत्र आहे, सरळ वाळवण लावलं तर कीस उडून जाईल ना?

फिरता_पाना

वेगळा ड्रायर असेल तर चालेल. गरम न करता नुसती हवा, दहा मिनिटं, मग जाळी साफ करून परत. ती जाळी तशीच भरलेली ठेवू नका, वाळका तंतू पेट घेतो. एकत्र मशीनमध्ये मात्र नको. बऱ्याच मॉडेलना वेगळी जाळीच नसते, कीस आतल्या हवेच्या वाटेत जाऊन बसतो आणि मग मशीन उघडावं लागतं.

वसई_फास्ट

बरं झालं विचारलं, आता लावणारच होतो. दांडीवर टाकतो.

दादर_टीटी

कपडे झटकायचे कुठे हा खरा प्रश्न. बाल्कनीत झटकले तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर सगळं.

मंजिरी_मुलुंड

उशीच्या जुन्या अभ्र्यात एक एक कपडा घालून तोंड धरायचं आणि आतच झटकायचं. कीस अभ्र्यात राहतो, नंतर अभ्रा कचऱ्याच्या डब्यावर उलटा करायचा. पॉलिएस्टरच्या कपड्याला वाळल्यावरही कण धरून राहतात, त्याला रबरी हातमोजा किंचित ओला करून वरून खाली फिरवायचा, कण गोळा होऊन येतात.

रेवा

हातमोजा मस्त चालतो, सोफ्यावरच्या मांजराच्या केसांनाही.

शमा_कुर्ला

कोणती मांजर आहे गं? आमची बोकोबा आठ किलोची झालीये.