मदत हवी आहे: माडीवरच्या कॉम्प्युटरवरचा गेम खालच्या टीव्हीवर अडकतोय. ग्राफिक्स कार्ड बदलू की राउटर?

बोरीकाठ (अमळनेर)
घर जुनं आहे, दीड-दोन फुटी भिंती. कॉम्प्युटर माडीवर, टीव्ही खालच्या बैठकीत. कॉम्प्युटरला जीटीएक्स १६५० आणि १६ जीबी रॅम. टीव्ही ४३ इंची अँड्रॉइडवाला. कॉम्प्युटरवर सनशाइन टाकलंय, टीव्हीवर मूनलाइट. १०८०पी, ६० फ्रेम, २० एमबीपीएस ठेवलंय. राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, आणि तो जिन्यात आहे. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही वायफायवर. दर काही सेकंदांनी चित्र फुटतं, कंट्रोलरचं बटण उशिरा लागतं. बजेट ४ हजार. काय घेऊ?

धुळे१८
प्लॅन किती एमबीपीएसचा आहे? ४० चा असेल तर १०० चा करून घ्या. दोन-चार माणसं मोबाइलवर व्हिडिओ पाहत असली की एवढ्यात गेम चालत नाही.

भुसावळकर
प्लॅनचा संबंध नाही दादा. गेमचं चित्र घराबाहेर जातच नाही, इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी ते टीव्हीपर्यंत पोचतं. मात्र घरातले मोबाइल त्याच वायफायवर असतील तर हवेतली जागा ते खातात, एवढं तुमचं बरोबर आहे.

बोरीकाठ, कार्डाला हात लावू नका. १६५० मध्ये व्हिडिओ तयार करायला वेगळा भाग आहे, १०८०पी ६० त्याला जड जात नाही. अडचण वाटेत आहे. कॉम्प्युटर वायफायवर असल्यामुळे प्रत्येक फ्रेम आधी हवेतून राउटरकडे येते आणि त्याच हवेतून पुन्हा टीव्हीकडे जाते. म्हणजे २० एमबीपीएसला हवेत ४० ची जागा लागते, तीही शेजारपाजारच्या राउटरांनी भरलेल्या २.४ वर, दोन फुटी भिंतीतून. फ्रेम दर १६.७ मिलिसेकंदाला निघते. एखादीला ८० लागले की मागच्या चार-पाच अडकतात.

अंदाजावर खरेदी करू नका, आधी मोजा. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा. पत्ता राउटरचा टाका, पुष्कळ ठिकाणी हाच असतो:

```
ping -n 200 192.168.1.1
```

यात फक्त वरचा टप्पा, कॉम्प्युटर ते राउटर, तपासला जातो. मग टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमधून त्याचा पत्ता घेऊन तोही तसाच तपासा. सरासरीकडे बघू नका, सर्वात मोठा आकडा आणि हरवलेली पॅकेट बघा. शिवाय मूनलाइटच्या सेटिंगमध्ये खेळताना आकडे दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा.

केळीबाग_रावेर
सरळ २० मीटर एचडीएमआय केबल टाका ना वरून खाली. वायफायची कटकटच नको.

भुसावळकर
विचार वाईट नाही भाऊ, पण साधी तांब्याची एचडीएमआय एवढ्या लांबीला भरवशाची नाही, चित्र मधूनच काळं होतं. फायबरवाली घ्यावी लागते, आणि तिचं एक टोक ठरलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही, पुन्हा काढून ओढावी लागते. त्यात कंट्रोलरचं काय? ब्लूटूथ दोन फुटी भिंतीतून वर पोचेलच असं नाही. मग यूएसबीसाठी वेगळी वायर आली.

पुण्यातला_खान्देशी
माझा कॉम्प्युटर जळगावला घरी आहे, मला पुण्यातून मोबाइल डेटावर खेळायचंय. मलाही केबल टाकूनच फरक पडेल का?

भुसावळकर
तुमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग आणि बाहेरून येण्याची वाट बघावी लागते. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

बोरीकाठ
मोजलं. कॉम्प्युटर ते राउटर: कमीत कमी २, जास्तीत जास्त १९४ मिलिसेकंद, २०० पैकी ५ हरवली. टीव्हीपर्यंत ११ हरवली. मूनलाइटमध्ये डिकोडचा आकडा २१ दिसतो, एचईव्हीसी लावलंय.

भुसावळकर
म्हणजे दोन आजार आहेत. पहिला वायफायचा. दुसरा टीव्हीचा: १६.७ ला नवी फ्रेम येते आणि टीव्हीला एक उलगडायला २१ लागतात, तो मागेच पडणार. कोडेक एच.२६४ करून बघा, काही टीव्हींच्या चिपवर त्याने आकडा उतरतो. उतरला नाही तर ७२०पी करा, किंवा वेगळा टीव्ही बॉक्स लावा. टीव्हीचा गेम मोडही चालू करा; त्याने डिकोड बदलणार नाही, पण पडद्यावर चित्र यायला लागणारा वेळ कमी होतो.

वायफायचा उपाय कॅट ६ केबल. माप जिन्याने, कोपऱ्यांसकट घ्या आणि वर ३ मीटर धरा. शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते, ती वाकवली की आतून तुटते. पात्याने तार खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर परत करा. लाइटच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका. गच्चीवरून नेत असाल तर बाहेर वापरायची काळी केबल घ्या किंवा पाइपात घाला, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात साधं आवरण तडकतं.

पहिल्या दिवशी भिंत फोडू नका. केबल जिन्यावरून नुसती सोडून खेळून बघा, मग पक्की करा.

धुळे१८
राउटर पण दोन बँडचा घ्या, मोबाइलला कामी येईल. इंटरनेटवाल्याच्या राउटरमधून वायर काढून नव्याच्या वॅन पोर्टला लावली की झालं.

भुसावळकर
राउटर घ्यायला हरकत नाही, पण वॅनला लावलं की घरात दोन नेटवर्क होतात. कॉम्प्युटर जुन्यावर आणि मोबाइल नव्यावर असला तर मूनलाइटला कॉम्प्युटर आपोआप सापडत नाही. नव्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता जुन्यापेक्षा वेगळा करा, डीएचसीपी बंद करा आणि लॅन पोर्टातून लॅन पोर्टात जोडा.

आणखी एक. पुष्कळ टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. २० ला ते पुरतं, पण नवा राउटर गिगाबिट असेल तर कॉम्प्युटर एक फ्रेम, साधारण ४२ केबी, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत ओततो आणि टीव्हीकडची वाट ती सव्वातीन मिलिसेकंदात पुढे नेते. राउटरमध्ये थांबायला जागा कमी असेल तर पॅकेट गळतात. मोठी धावपळ असलेल्या दृश्यातच चित्र फुटू लागलं तर हेच समजा, आणि कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा वेग १०० फुल डुप्लेक्सवर बांधून बघा.

बोरीकाठ
दोन केबल नुसत्या सोडल्या: कॉम्प्युटर ते राउटर १४ मीटर, राउटर ते टीव्ही ९ मीटर. टीव्हीपर्यंत २०० पैकी एकही हरवलं नाही, जास्तीत जास्त २ मिलिसेकंद. एच.२६४ केल्यावर डिकोड ९ वर आला. तासभर खेळलो, एकदाही फुटलं नाही. पण पॉवरशेलमध्ये हे चालवलं तर वेग १०० एमबीपीएस दिसतो, केबल खराब आहे का?

```
Get-NetAdapter
```

भुसावळकर
जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील, मागचं लेबल बघा. गिगाबिट राउटरवरही १०० च दिसलं तर मात्र केबलच्या आठ तारांपैकी एखादी लागलेली नाही. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. क्रिंपिंगवाल्याकडून दोन्ही टोकं पुन्हा करून घ्या.

बोरीकाठ
लेबलवर १०० च आहे. आता केबल पक्क्या करतो. मोबाइलवर खेळताना मात्र मधूनच एक झटका येतो, राउटरशेजारी बसूनही.

केळीबाग_रावेर
मोबाइलचं लोकेशन बंद करून बघा. लोकेशनसाठी तो अधूनमधून आजूबाजूचे वायफाय शोधतो, तेव्हा झटका येतो.

भुसावळकर
असू शकतं, पण तुमचा मोबाइल अजून २.४ वरच आहे, तेही कारण असेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी लोकेशन आणि वायफाय स्कॅनिंग बंद करून १० मिनिटं खेळा आणि नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेमचा आकडा इथे टाका.