तुम्ही कोण, असं विचारल्यावर

> संध्याकाळी ही विचारते, ‘तुम्ही कोण? आमचे हे कुठेत?’ काय सांगू?

काका, ‘मीच तो’ असं पटवत बसू नका. अल्झायमरमध्ये अलीकडच्या आठवणी आधी जातात. काकूंच्या मनातले ‘हे’ कदाचित तिशीतलेच असतील.

माझे यजमानही मला असंच विचारतात. मी अंधार पडायच्या आधीच दिवे लावते, समोरून जाते आणि शेजारी बसून म्हणते, ‘ती येईल, तोवर चहा घेऊ.’ मग ते मलाच माझ्याबद्दल भरभरून सांगतात. बायको म्हणून ओळखावं हा हट्ट मी सोडलाय, माझी भीती वाटू नये एवढंच बघते.

मात्र गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला तर डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या जंतुसंसर्गानेही असं होतं.