टॅगला शुद्धलेखन लागतं का? मंडळाच्या एका टॅगवरून वाद

शहापूरची पोर: यंदा गल्लीच्या मंडळाच्या पोस्ट माझ्याकडे आहेत. निर्माल्य बेळगावच्या कपिलेश्वर तलावात जाऊ नये म्हणून मोहीम काढली, टॅग केला #निर्माल्यटाकूनका. एक सर म्हणाले चूक आहे. पोरं म्हणतात टॅगला कुठलं शुद्धलेखन! कॅप्शन असं आहे: ‘सर्व गणेश भक्तां साठी सुचना. निर्माल्य तलावात टाकु नका. बाप्पाचा आर्शिवाद घ्या.’ कुणाचं ऐकू?

पाटपुलं: पोरांचं ऐक. #गणपतीबाप्पामोरया सगळे जोडूनच लिहितात, कुणी चुकीचं वाचलंय का आजवर?

टिळकवाडीचे नाना: तो टॅग डोळ्यांनी वाचत नाही हो कुणी, तो पाठ आहे. हा नवा आहे. जरा मोठ्यानं वाचून बघा: निर्माल्य टाकून का? ‘टाकू नका’तला न मागच्या शब्दाला चिकटला आणि मनाईचा प्रश्न झाला. ‘करू नका’, ‘येऊ नका’, ‘जाऊ नका’ यांचं जोडल्यावर हेच होतं. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून सुटका होते, देवनागरीत ती सोय नाही. म्हणून #निर्माल्य_टाकू_नका. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर चालतो; मधली रेघ, म्हणजे हायफन नको, तिथं टॅग तुटतो आणि फक्त ‘निर्माल्य’ निळं होतं. खात्री करायची तर पोस्ट आधी फक्त स्वतःला दिसेल अशी टाकायची आणि निळा रंग कुठं थांबतोय ते बघायचं.

पाटपुलं: एवढा विचार करून वाचतं कोण? खाली कलशाचा फोटो आहे की.

टिळकवाडीचे नाना: टॅग शोधून येणाऱ्याला आधी फोटो दिसतोच असं नाही. पण एक मान्य, #गणपतीबाप्पामोरया दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. वेगळी अक्षरं केली की टॅग वेगळा, आणि तो शोधणारं कुणी नाही.
कॅप्शनमध्ये मात्र सूट नाही. ‘भक्तां साठी’ तोडायचं नाही. साठी, पासून, मध्ये, कडे मागच्या शब्दाला जोडूनच. आधीचं ‘गणेश’ही जोडा, म्हणजे ‘गणेशभक्तांसाठी’. ‘सूचना’तला सू दीर्घ, ‘टाकू’तला कू दीर्घ. ‘आर्शिवाद’ बघा, रफार वा सोडून मागं शिवर पळालाय: आशीर्वाद. मजा अशी की टॅगमध्ये तुम्ही कू बरोबर लिहिलाय आणि कॅप्शनमध्ये चुकलाय. म्हणजे एकदाही परत वाचलं नाही.

खानापूरकर: माझ्या फ्लेक्सचं पण हेच झालं. व्हॉट्सॲपवर लिहून दिलं ते बरोबर, छापून आलं तर वेलांट्या अक्षराच्या भलत्याच बाजूला. प्रेसवाला म्हणाला, तुम्हीच असं लिहून दिलं.

टिळकवाडीचे नाना: मजकूर जुन्या फॉन्टात घेतला असेल. तो वेगळा घोटाळा. तपासायचं ते शेवटचं चित्र, टाइप केलेला मेसेज नव्हे. पैसे देण्याआधी त्या चित्राचा फोटो मागवा.

निपाणीची ताई: मला स्पेलिंगपेक्षा सूर खटकला. सण आपला, आणि पहिल्याच ओळीत ‘सूचना’? नगरपालिकेची नोटीस वाटते. ‘निर्माल्य कलशातच टाका की ओ’ असं आपल्या बोलीत लिहिलं तर पोरीबाळी थांबून वाचतील. आणि मग #निर्माल्य_कलशातच. ‘नका’च गेलं, भांडणच मिटलं.

पाटपुलं: हे झकास! सर ‘की ओ’ पहिल्यांदा खोडतील बघ.

टिळकवाडीचे नाना: मीही खोडलं असतं, खरं सांगतो. मंडळाच्या नावानं जाणारी पोस्ट कोकणातलेही वाचतात. पण ताईंचा मुद्दा पटतोय: ‘की ओ’ ही काही चूक नव्हे, बोली आहे, मुद्दाम लिहिलंय हे मात्र कळलं पाहिजे. वर सगळं शुद्ध असेल तर ‘की ओ’ गोड लागतं. वर ‘सुचना’ असेल तर तेही चुकूनच आलंय असं वाटतं. ‘नका’ काढावं का, यावर मात्र मी तुमच्या बाजूनं नाही. तलावाच्या काठावर उभ्या माणसाला काय करायचं नाही ते आधी सांगावं लागतं.

निपाणीची ताई: त्याच्या हातात निर्माल्याची पिशवी असते हो नाना, त्याला कुठं टाकू ते सांगा.

खानापूरकर: आमच्या दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लागतंय, पोस्टला पण तेच का?

पाटपुलं: तो पाटीचा नियम, पोस्टचा नव्हे. पण शेजारची गल्ली कन्नड आहे, तलावाला तेही येतात. कन्नडात वेगळी पोस्ट करा, एकाच टॅगमध्ये दोन्ही कोंबू नका.

शहापूरची पोर: असं केलंय: ‘गणेशभक्तहो, निर्माल्य तलावात नको, कलशातच टाका की ओ. बाप्पाचा आशीर्वाद घ्या.’ #निर्माल्य_कलशातच. सरांना ‘की ओ’ दाखवलं नाही अजून.

टिळकवाडीचे नाना: दाखवा. आणि ‘बाप्पाचा’ की ‘बाप्पांचा’ हेही विचारा, आमच्या घरी त्यावर एकमत नाही.