प्रतिसाद: गच्चीवरून फेकलेला चेंडू आणि उड्डाणकाळ

> शिखरापर्यंतच्या वेळेची दुप्पट केली, तरी उड्डाणकाळ का चुकतो? चेंडू १५ मीटर उंच गच्चीवरून तिरका फेकलाय, वेगाचा उभा घटक १० मी/से.

दुप्पट चालते ती चेंडू निघाला त्याच पातळीवर परत आला तरच. दादरच्या आमच्या चाळीच्या गच्चीवरून चेंडू खाली अंगणात पडतो, तिथे ती चालत नाही.

g = 10 धरून समीकरण लिहा: h = 15 + 10t − 5t². आता दर सेकंदाची उंची काढा. ० ला १५, १ ला २०, २ ला पुन्हा १५, ३ ला शून्य. हे चार बिंदू मांडले की वक्र १५ वरून सुरू होऊन १ सेकंदाला शिखर गाठतो आणि वेळेच्या अक्षाला ३ वर भेटतो. म्हणजे कमाल उंची जमिनीपासून २० मीटर, उड्डाणकाळ ३ सेकंद. तुमचे २ सेकंद म्हणजे चेंडू गच्चीच्या पातळीला परत आल्याची वेळ, तेव्हा तो अजून हवेतच आहे.

बिंदू पट्टीने मात्र जोडू नका, शिखर टोकदार होतं. तिथे उभा वेग शून्य असतो, म्हणून स्पर्शिका आडवी हवी. खात्रीसाठी ०.५ आणि १.५ सेकंदांची उंची काढा, दोन्ही १८.७५ येतात. जमिनीजवळ वक्र सर्वांत तीव्र उतरतो, कारण तिथे उभा वेग २० मी/से झालेला असतो.

आणखी एक, माझे विद्यार्थी हमखास इथे अडखळतात: हा आलेख चेंडूचा मार्ग नाही. सरळ वर फेकलेल्या चेंडूचाही आलेख असाच येतो, आडवा वेग यात दिसतच नाही.