निवृत्तीचं वय: नियम की मनमानी?

माळरान: वैमानिक ६५, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ६५ आणि सीमेवरचा जवान चाळिशीच्या आसपास घरी. कुठल्या हिशोबाने? मला तर सगळी मनमानी वाटते.

काळा_कोट: मनमानी म्हणण्याआधी तारखा बघा. न्या. भूषण गवई, जन्म २४ नोव्हेंबर १९६०, निवृत्त २३ नोव्हेंबर २०२५. राज्यघटनेत ६५ वर्षं पूर्ण होईपर्यंत, आणि वय पूर्ण होतं वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. महिनाअखेरीची सवलत नाही. उलट जनरल मनोज नरवणे, जन्म २२ एप्रिल १९६०, पण निवृत्त ३० एप्रिल २०२२. लष्करप्रमुखाला तीन वर्षं किंवा बासष्टी, जे आधी येईल ते. तीन वर्षं डिसेंबरात भरली असती, बासष्टी एप्रिलमध्येच आली.

पाटलांचीसून: माझ्या सासऱ्यांचा जन्म पावसाळ्यातला, गुरुजींनी शाळेत १ जून लिहिला. सरकारी नोकरीत ३१ मेलाच नारळ! महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिनाअखेरीला जातो. खरी तारीख धरली असती तर आणखी दोन महिने पगार.

गणू७२: आमच्या गावात अर्धी पिढी १ जूनची. शाळेचे दाखले काढा, सगळे जुळे भाऊ!

काळा_कोट: वहिनी, विषय जवानांचा चाललाय.

पाटलांचीसून: मग महिनाअखेर तुम्हीच कशाला काढलीत?

आकाशवेडा: वैमानिकाचं ६५ म्हणजे निवृत्ती नव्हेच. मेडिकल पास असेल तर कितीही वर्षं उडवा.

कॅप्टनबाई: खासगी विमान उडवा, लायसन्स कोणी काढून घेत नाही. प्रवासी विमानात ६५ नंतर कॉकपिटमध्ये बसता येत नाही, मेडिकल पास असलं तरी. साठीनंतर ते मेडिकलही दर सहा महिन्यांनी. आणि एकट्याने चालवायचं व्यावसायिक विमान साठीतच बंद. पायलटला उडताना झटका आला तर शेजारी दुसरा हवा, एवढं साधं गणित आहे. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा ६० ची ६५ केली, तीही दोन पायलट असतील तरच.

हवालदारपुत्र: बासष्टी, पासष्टी चालू द्या. शिपायाचा हिशोब जन्मतारखेपासून नाही, भरतीच्या दिवसापासून. वयाची अट कागदावर असते, पण सेवेची वर्षं आधी भरतात. हुद्दा चढला तर वर्षं वाढतात, नाहीतर घर. अधिकाऱ्यांतही तसंच: कर्नल ५४, ब्रिगेडियर ५६, लेफ्टनंट जनरल ६०. वडील उतरले तेव्हा मी सातवीत. नंतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे. वकीलसाहेब, ही तुमची घटना?

काळा_कोट: भावना समजतो, पण फौज तरुण ठेवायची तर खालची माणसं लवकर सुटणारच. वर जागा मोजक्या.

हवालदारपुत्र: हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२ ला आणि सुप्रीम कोर्टाचे ६५ ला. तिथे कोणती फौज तरुण ठेवायची असते?

काळा_कोट: हा मुद्दा मान्य. १९६३ मध्ये साठचे बासष्ट केले. पुढे पासष्टचं विधेयक २०१० मध्ये आलं आणि बारगळलं. पटेल असं कारण माझ्याकडे नाही.

माळरान: म्हणजे थोडी मनमानी आहेच! धन्यवाद, एवढंच म्हणत होतो.

पाटलांचीसून: आणि त्या दोन महिन्यांच्या पगाराचं काय?