ॲक्युरेटरिपशी जुळत नाही, तरी रिप ठेवायचा का?

कोथरूडचा_श्रोता: घरातल्या शास्त्रीय संगीताच्या सीडी ईएसीने फ्लॅकमध्ये घेतोय. एका सहा ट्रॅकच्या सीडीत पाच Accurately ripped आले, तिसऱ्याला cannot be verified as accurate (confidence 5). Test CRC आणि Copy CRC मात्र सेम. ऐकून काही वेगळं वाटत नाही. ठेवू का?

पेठेतला_पंत: ठेव की! दोनदा वाचून आकडा तोच आला म्हणजे डेटा बरोबर. ॲक्युरेटरिप म्हणजे चार अनोळखी लोकांचे रिप, त्यांची सीडी वेगळ्या छपाईची असेल.

ऑफसेट_ताई: पंत, छपाई वेगळी असती किंवा ड्राइव्हचा ऑफसेट चुकला असता तर सगळेच ट्रॅक बोंबलले असते, इथे एकटा तिसराच अडलाय आणि बाकीचे पाच जुळलेत, म्हणजे ऑफसेट ठीक आहे आणि लोचा त्या ट्रॅकमध्येच आहे. आणि दोनदा सेम आकडा येणं हा पुरावा नाही हो, ओरखडा फार खोल असला की ड्राइव्ह हरवलेल्या सॅम्पलच्या जागी आजूबाजूचे बघून अंदाजाने काहीतरी भरतो, आणि तोच ड्राइव्ह दुसऱ्यांदाही तोच अंदाज करू शकतो. म्हणूनच कानाला कळत नाही.
सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग तेवढाच ट्रॅक दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर, स्पीड कमी करून घ्या, त्या ड्राइव्हचा ऑफसेट आधी सेट करून. तरी नाही जमलं तर क्यूटूल्स: त्याच्या डेटाबेसमध्ये ही सीडी असेल आणि चूक थोडी असेल तर तो फाइल दुरुस्तही करतो.

डेक्कन_डीजे: ३२० चा एमपी३ करा ना, फरक कुणाला कळतो 😄

ऑफसेट_ताई: प्रश्न तो नाहीये रे. चुकीचं वाचलेलं फ्लॅकमध्ये ठेवलं तर चूकच लॉसलेस राहते.

सहकारनगर_आजोबा: माझ्याकडे घरच्या बैठकीच्या राइट केलेल्या सीडी आहेत, त्या कुठल्याच डेटाबेसात सापडत नाहीत. त्यांचं काय?

ऑफसेट_ताई: आजोबा, सापडणारच नाहीत, जगात तुमच्याकडेच आहेत त्या. दोन वेगळ्या ड्राइव्हवर घ्या, दोघांचे CRC जुळले तर बऱ्यापैकी खात्री, शंभर टक्के नाही. पण त्या आधी घ्या, राइट केलेल्या सीडी छापील सीडीपेक्षा लवकर बिघडतात.

पेठेतला_पंत: बरं, ते मान्य. पण टॅगमध्ये ARTIST ला गायकाबरोबर तबला, पेटी सगळे घुसडू नका, प्लेअरमध्ये एकाच गायकाचे दहा कलाकार होतात. साथीदार PERFORMER मध्ये.

कोथरूडचा_श्रोता: आणि राग? TITLE मध्ये का वेगळा?

पेठेतला_पंत: TITLE मध्येच. मोबाइलवर दिसतं तेवढंच.

ऑफसेट_ताई: छे! वेगळा RAGA टॅग करा, फ्लॅकमध्ये हवं ते नाव देता येतं, मग सगळे यमन एका झटक्यात निघतात.

पेठेतला_पंत: माझ्या प्लेअरला तुमचा RAGA दिसतच नाही हो ताई.