सोसायटी ग्रुप: पाच मिनिटांची व्हॉइस नोट नेमकी ऐकायची कधी?

रोहन (सी-३०२): [फोटो: वर मैत्रिणीकडून आलेली ५:१२ ची व्हॉइस नोट. खाली एक जण चहाचा थर्मास, लोड आणि वही-पेन घेऊन बसलाय. ओळ: «नवीन एपिसोड आलाय, आता जेवायलाच भेटू.»]

रोहन (सी-३०२): आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सकाळपासून हेच चाललंय 😂 इथेही बऱ्याच जणांना पटेल.

मंजिरी (ए-२०३): पटलं रे. या मीम्सचे बरेच प्रकार पाहिलेत मी. एकात सांगाडा बाकावर बसलाय आणि खाली लिहिलंय, «ती मुद्द्यावर येईपर्यंत». एकात नोटची पहिली चाळीस सेकंदं नुसतं «अं… हां… तर… थांब गं, बेल वाजली». पण मला सगळ्यात खरं वाटलं ते वेगळंच. त्यात फक्त प्लेचं बटण आहे आणि त्याच्या वर हवेत थांबलेलं बोट. लोक हसून पुढे जातात, पण ते बोट थांबतं का, यावर मला खरंच बोलायचंय.

मंजिरी (ए-२०३): लिहिलेला मेसेज आला की फोन न उघडताही वरच्या पट्टीत दोन शब्द दिसतात. «दूध आणशील का» दिसलं की कळतं, घाई नाही. «बाबांना ॲडमिट केलंय» दिसलं की हातातलं काम टाकून आपण उठतो. व्हॉइस नोटच्या पट्टीत माइकचं चित्र आणि ५:१२ एवढंच दिसतं. त्या ५:१२ मध्ये साडीचा सेल असेल किंवा कुणाचा घटस्फोट असेल. वेळ किती जाणार ते कळतं, घाई आहे का ते कळत नाही. माझ्या मते सगळी धास्ती इथेच आहे, लांबीत नाही.

अनघा (ए-४०४): मंजिरी, अगदी! हे माझ्या बाबतीत झालंय. माझी नागपूरची मैत्रीण आहे, शाळेपासूनची. तिची नोट आली तेव्हा मी आठ-अठ्ठावन्नच्या लोकलमध्ये होते. दाराशी, एक हात वरच्या कडीला, इअरफोन पर्समध्ये आणि पर्स कुठे तर दोन बायकांच्या मध्ये दाबलेली. स्पीकरवर लावली तर अख्खा डबा ऐकणार. ऑफिसात पोचले तर मीटिंग. जेवताना लावावी म्हटलं तर समोर साहेब बसलेले. संध्याकाळी डोंबिवलीला उतरून चालत घरी येताना ऐकली एकदाची.

अनघा (ए-४०४): पहिली दीड मिनिटं तिच्या सासूबाईंचा गुडघा. मग मुलाचं दहावीचं टेन्शन. मग आमच्या एका बाईंना भेटली त्याची गोष्ट, तीही मला फार आवडली. आणि साडेतीन मिनिटांनंतर म्हणते, «बरं ऐक ना, आज विदर्भने निघतेय, सकाळी कल्याणला उतरेन, दोन दिवस तुझ्याकडे राहिले तर चालेल का? नाहीतर चुलत भावाकडे जाते, त्याला दुपारपर्यंत सांगायचंय.» तोवर गाडी नागपूरहून सुटलेली होती आणि ती भावाला हो म्हणून बसली होती. तिला वाटलं मी टाळलं. मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू.

जोशी काका (बी-१०१): अनघा, यात तुझं काहीच चुकलं नाही. राहू का हा प्रश्न गुडघ्याच्या आधी यायला हवा होता.

रोहन (सी-३०२): आणि यात अजून एक गोम आहे. खूप जण ब्लू टिक बंद करून निश्चिंत राहतात. पण ते सेटिंग ग्रुप चॅटला आणि व्हॉइस मेसेजला लागूच होत नाही. म्हणजे टिक करडी राहिली तरी नोट लावल्याक्षणी समोरच्याकडे माइक निळा होतो. एकदा निळा झाला की तिला कळलं, तुम्ही ऐकलंय. मग उत्तर का नाही? म्हणून लोक लावतच नाहीत. पाच मिनिटं ऐकायला नव्हे, नंतर द्यायच्या उत्तराला वेळ नसतो.

सुलभा देशपांडे (ए-१०२): अगबाई, म्हणजे मी ऐकलं की नाही ते सगळ्यांना दिसतं?

रोहन (सी-३०२): काकू, एकटीला पाठवलेल्या नोटमध्ये हो. ग्रुपवर माइक निळा व्हायला सगळ्यांनी ऐकावी लागते. आपल्या एवढ्या मोठ्या ग्रुपवर तो जवळजवळ कधीच होत नाही. पण पाठवणाऱ्याने स्वतःची नोट दाबून धरून माहिती उघडली तर कुणी लावली त्यांची नावं दिसतात. काही जण नोट स्वतःलाच फॉरवर्ड करतात आणि तिकडे ऐकतात, मग मूळ माइक निळा होत नाही.

मंजिरी (ए-२०३): ती युक्ती मला माहीत आहे, पण पटत नाही. मैत्रिणीची गोष्ट चोरून ऐकायची आणि न ऐकल्यासारखं दाखवायचं, यात ओझं कमी न होता वाढतंच. त्यापेक्षा «आता गाडीत आहे, रात्री नऊनंतर ऐकते, घाईचं असेल तर एक ओळ लिही» एवढं टाकावं. याला दहा सेकंदं लागतात आणि माइक करडा राहिला तरी तिला राग येत नाही. अनघा, तुझी मैत्रीण तेवढं वाचून लगेच म्हणाली असती, अगं, घाईचं आहे.

अनघा (ए-४०४): हो, हे मात्र मी आता करते. आणि वेळ सांगितली की त्या वेळेला ऐकतेच.

शेख भाई (सी-१०४): ताई, मी दुसऱ्या बाजूने सांगतो. मी स्कूल व्हॅन चालवतो. टाइप करणं मला गाडीत शक्यच नाही, आणि गाडी चालू असताना मी रेकॉर्डही करत नाही. मुलं उतरली, व्हॅन बाजूला घेतली, की पुढच्या फेरीआधी दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात वीस पालकांना काय काय लिहिणार? बोलून टाकतो. पण माझी नोट कधी तीस सेकंदांच्या वर जात नाही, आणि सुरुवात नेहमी «आज व्हॅन पंधरा मिनिटं लेट» इथून.

सुलभा देशपांडे (ए-१०२): मोठ्या नोटा पाठवणारी मीच आहे, नाशिकच्या बहिणीला. जोडाक्षरं टाइप करता करता मला घाम फुटतो. «प्रकृती» लिहायला गेलं की भलतंच काहीतरी उमटतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर स्क्रीनकडे फार वेळ बघवतही नाही. आणि खरं सांगू, तिचा आवाज ऐकला की मला तिची तब्येत कळते. लिहिलेल्या «मी बरी आहे» वर माझा विश्वास नाही.

मंजिरी (ए-२०३): काकू, तुमच्या नोटा बंद व्हाव्यात असं माझं अजिबात म्हणणं नाही. तुम्ही दोघी तर एकमेकींच्या नोटांची वाट बघता. मीम्सचा राग खरं तर अशा नोटांवर नाहीच. गप्पांच्या नोटमध्ये कामाचा प्रश्न लपवला जातो, त्यावर आहे.

रोहन (सी-३०२): मग दुप्पट वेगाने ऐका ना! २०२१ पासून सोय आहे. ५:१२ ची नोट २:३६ मध्ये संपते.

अनघा (ए-४०४): माझी मैत्रीण आधीच मेल गाडी आहे. दुप्पट केली की कळतच नाही काय बोलतेय, त्यात मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या. दीडपट जमतं. साडेतीन मिनिटांत होते.

जोशी काका (बी-१०१): माझी अडचण कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून लिहितो. मला श्रवणयंत्र आहे. नोट लावून फोन कानाशी नेला की आवाज आपोआप आतल्या छोट्या स्पीकरवर जातो, आणि फोन यंत्राच्या अगदी जवळ आला की यंत्र शिट्टी मारतं. लांब धरला की पुन्हा मोठ्या स्पीकरवर जातो, मग घरातले सगळे ऐकतात. खासगी नोट ऐकायची तर मला गॅलरीत दार लावून बसावं लागतं. ग्रुपवर कमिटीची नोट आली की मी कुणाला तरी विचारतो, काय म्हणाले? ते मला आवडत नाही.

मंजिरी (ए-२०३): काका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. ऐकू कमी येणाऱ्याला ती नोट कोरीच असते, हे मीममध्ये कुठेच येत नाही.

मंजिरी (ए-२०३): मी एक सुचवते. नोट हवी तेवढी मोठी असू दे, पण तिच्यासोबत एक लिहिलेली ओळ असावी. कशाबद्दल, मी काय करायचं आणि कधीपर्यंत. अनघाच्या मैत्रिणीचीच घ्या: «आज विदर्भने निघतेय, उद्या सकाळी कल्याण. दोन दिवस तुझ्याकडे राहू का? दुपारी एकपर्यंत सांग. बाकी गप्पा आहेत, निवांत ऐक.» एवढंच. अनघाने लोकलच्या दारात एका हाताने «ये गं» लिहिलं असतं आणि नोट रात्री जेवण झाल्यावर मजेत ऐकली असती.

मंजिरी (ए-२०३): आणि ती ओळ नोटच्या आधी न टाकता नंतर टाकायची. चॅटच्या यादीत शेवटचा मेसेजच दिसतो. आधी टाकली तर तिच्यावर नोट बसते आणि पुन्हा माइक आणि ५:१२ एवढंच दिसतं. ग्रुपवर असेल तर आपल्याच नोटला उत्तर म्हणून ती ओळ लिहायची, म्हणजे मध्ये पन्नास गुड मॉर्निंग आले तरी दोन्ही जोडलेलं राहतं. काही गप्पाच असतील तर नुसतं «घाई नाही» लिहिलं तरी बोट थांबत नाही.

सुलभा देशपांडे (ए-१०२): «घाई नाही» मला टाइप करता येईल. त्यात जोडाक्षर नाही.

शेख भाई (सी-१०४): काकू 👍

रोहन (सी-३०२): अजून एक. २०२२ पासून रेकॉर्डिंग मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. माइक वर सरकवून लॉक करायचा, मग थांबवायचं बटण येतं. पाठवायच्या आधी ऐकताही येतं. बेल वाजली तर थांबवा ना, दूधवाल्याचा हिशोब मैत्रिणीला कशाला ऐकवायचा?

विनायक साठे, सेक्रेटरी (बी-४०३): सगळं वाचलं. कमिटीच्या नोटा मीच पाठवतो आणि त्या लांबतात, कारण प्रत्येक विंगचं वेगळं सांगायचं असतं. जोशीसाहेब, यापुढे प्रत्येक नोटखाली लेखी ओळ असेल. आजच्यापासूनच सुरू करतो.

विनायक साठे, सेक्रेटरी (बी-४०३): 🎤 ३:४८

विनायक साठे, सेक्रेटरी (बी-४०३): ↩️ *वरच्या नोटबद्दल:* बुधवारी टाकी साफ होणार. ए आणि बी विंगला सकाळी १० ते दुपारी ४ पाणी नाही, सी विंगला नेहमीप्रमाणे. मंगळवारी रात्री पाणी भरून ठेवावे. नोटमध्ये कंत्राटदाराचे दर आणि खर्चाची माहिती आहे, सवडीने ऐका.

जोशी काका (बी-१०१): वाचलं. दर पाहायला नोट गॅलरीत बसून ऐकतो. मागच्या वेळेपेक्षा जास्त आहेत का?

विनायक साठे, सेक्रेटरी (बी-४०३): थोडे आहेत. कारण दुसऱ्या मिनिटाला सांगितलंय.